सहाच्या ठोक्याला दहा हजार

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एरवी तीनच प्रकारचे निरोप येतात. पाणी येणार नाही, लिफ्ट चालणार नाही आणि थकबाकीदारांची गय केली जाणार नाही. त्यामुळे गेल्या डिसेंबरात एका रविवारी रात्री सेक्रेटरीसाहेबांचा लांबलचक निरोप आला, तेव्हा मी आधी माझा मेन्टेनन्स भरला आहे का, ते तपासलं. भरला होता. मग धीर करून वाचायला घेतला.

"प्रिय सभासद बंधुभगिनींनो, आरोग्य हीच संपत्ती! उद्या सोमवारपासून सकाळी ठीक सहा वाजता आवारात चालणे व ताणाचे व्यायाम मंडळ सुरू होत आहे. प्रथम १५ मिनिटे ताणाचे व्यायाम, नंतर प्रत्येकी १०,००० पावले. उपाशीपोटी यावे. न येणाऱ्यांनी कारण कळवावे."

खाली तेवीस अंगठे. त्यातले किमान अठरा अंगठे असे, की ज्यांच्या मालकांना मी सकाळी आठच्या आत कधी उभ्या अवस्थेत पाहिलेलं नाही.

वाचकहो, मी व्यायामाच्या विरुद्ध नाही. असं म्हणणाऱ्या माणसाचं पोट बघावं, हे मला मान्य आहे. माझं पोट काउंटरच्या आत असतं म्हणून बँकेची अब्रू शाबूत आहे. पण मी कॉमर्सचा पदवीधर आहे, बावीस वर्षं लोकांची चलनं तपासतो आहे, आणि एवढं छातीठोकपणे सांगतो, की हा निरोप माझ्या खिडकीवर चलन म्हणून आला असता तर मी तो "रक्कम चुकीची, क्रम चुकीचा, सही करणाऱ्यास अधिकार नाही" असे तीन शेरे मारून परत केला असता.

आधी रक्कम घेऊ. १०,००० पावलं! मी त्या रात्रीच खाली उतरून आवाराची एक फेरी मोजली. वॉचमनला वाटलं, माझं काहीतरी हरवलंय. एका फेरीला माझी २५७ पावलं झाली. म्हणजे दहा हजारांना एकोणचाळीस फेऱ्या. बेताच्या झपाझप चालीनं मिनिटाला शंभर पावलं पडतात, म्हणजे शंभर मिनिटं. सहाला सुरुवात, पंधरा मिनिटं ताण, म्हणजे शेवटचं पाऊल पडणार सात पंचावन्नला. माझी डोंबिवलीहून सुटणारी लोकल सात एक्केचाळीसची.

बरं, हे दहा हजार आले कुठून? मला वाटत होतं, कुठल्या तरी वैद्यकीय परिषदेत पांढऱ्या कोटातल्या लोकांनी ठरवलं असेल. तसं काही नाही. १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं. त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे 'दहा हजार पावलांचं मापक'. आकडा गोल होता, नाव जिभेवर बसणारं होतं. म्हणजे हा वैद्यांचा आकडा नव्हे, विक्रेत्याचा! आमच्याकडे नाही का, नव्व्याण्णव रुपये नव्व्याण्णव पैसे हा आकडा कुठल्या अर्थशास्त्रज्ञानं काढला म्हणून कोणी विचारत नाही, तसंच.

पुढं अमेरिकेत सतरा हजारांच्या आसपास वयस्कर बायकांच्या कमरेला यंत्रं लावून कोणी किती चाललं आणि पुढच्या काही वर्षांत कोण गेलं, हे मोजलं. २०१९ साली त्याचे निकाल छापून आले. रोज सुमारे २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच कमी होतं. ते घटत घटत ७,५०० पर्यंत गेलं आणि तिथं थांबलं. आता ज्या मुळातच धडधाकट त्याच जास्त चालत असतील, हा खोडसाळ मुद्दा उरतोच. पण एवढं तरी दिसतं, की पहिल्या दोन हजारांवर जे व्याज मिळतं ते शेवटच्या दोन हजारांवर मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटना तर पावलं मोजतच नाही. ती म्हणते, आठवड्याला किमान १५० मिनिटं बेताच्या जोरानं हालचाल करा. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास. आणि बेताचा जोर म्हणजे काय? चालताना बोलता यावं, पण गाता येऊ नये. आमच्या सेक्रेटरींना एरवीही गाता येत नाही, तो भाग निराळा.

आता क्रम. सोमवारी मी गेलो. कारण कळवण्यापेक्षा जाणं सोपं होतं. अंधार, थंडी आणि अकरा माणसं. अंगठे तेवीस होते, हे पुन्हा सांगतो. सेक्रेटरींनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि "पायाचे अंगठे धरा! एक-दोन, एक-दोन!" म्हणून झटके द्यायला लावले. मी शेवटचे माझे अंगठे पाहिले ते एका लग्नात नवे बूट घालताना. गादीतून नुकताच उठलेला माणूस म्हणजे फ्रीजमधून काढलेली कणीक. ती ताणली तर लांबत नाही, तुटते. आधी पाच-सात मिनिटं सावकाश चालून अंग कोमट करावं, मग चाल वाढवावी आणि ताण द्यायचा तो सगळ्यात शेवटी, हा त्यातला साधा क्रम. तोही झटक्यानं नव्हे. भिंतीला दोन्ही हात टेकावेत, एक पाय मागं न्यावा, मागच्या पायाची टाच जमिनीवर ठेवावी आणि पोटरीला ओढ बसेल इतपतच पुढं झुकून वीस-तीस सेकंद तसंच राहावं. मग दुसरा पाय. ओढ लागावी, कळ येऊ नये. कळ आली की तो व्यायाम नाही, वसुली आहे.

आमच्यातल्या कमरेत चकती सरकलेल्या एका गृहस्थांना त्या 'एक-दोन'मधल्या 'दोन'नंतर सरळ होता येईना. ते मंगळवारी आले नाहीत. कारण कळवायला फोनपर्यंत हात पोचत नव्हता.

इथवर सगळा मामला हसण्यावारी नेण्यासारखा होता. गुरुवारी मात्र हसू मावळलं.

आमच्या मजल्यावरचे अण्णा चौसष्ट वर्षांचे. मधुमेह आहे, ग्लिमेपिराइडची गोळी चालू आहे. ही गोळी स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढायला लावते. पोटात अन्न असो वा नसो, ती आपलं काम करणार. म्हणून ती न्याहारीसोबत घ्यायची. अण्णा शिस्तीचे. गोळीची रोजची वेळ चुकू नये म्हणून त्यांनी ती पावणेसहाला पाण्याबरोबर घेतली आणि निरोपात लिहिल्याप्रमाणे उपाशीपोटी आले. आदल्या रात्री आठचं जेवण. त्यानंतर सकाळी सव्वासातपर्यंत सव्वाअकरा तास पोटात काही नाही, आत गोळी चाललेली आणि बाहेर अण्णा चाललेले.

तेविसाव्या फेरीला अण्णांना घाम फुटला. डिसेंबरातली सकाळ, आम्ही सगळे स्वेटर घालून. सेक्रेटरी म्हणाले, "वा अण्णा! घाम आला म्हणजे व्यायाम लागला!" मीही हसलो. लिहायला लाज वाटते, पण हसलो. मग अण्णांचे हात थरथरू लागले. मी विचारलं, "अण्णा, बसता का जरा?" तर त्यांनी मला माझ्या वडिलांच्या नावानं हाक मारली. बोलणं जड झालं होतं. कोणी म्हणालं चक्कर आहे, कोणी म्हणालं पित्त, कोणी कांदा आणायला धावलं.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या सिस्टर रात्रपाळी करून फाटकातून आत आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "शुगरची गोळी घेतात का?" आणि उत्तराची वाट न पाहता वॉचमनच्या चहाच्या साखरेचा डबा मागवला. अर्ध्या कप पाण्यात तीन चमचे साखर. "शुद्धीवर आहेत, गिळता येतंय, म्हणून पाजते आहे," त्या मला म्हणाल्या. "बेशुद्ध असते तर तोंडात थेंब घालायचा नाही, सरळ हॉस्पिटल." वहिनींनी वरून शुगर मोजायचं यंत्र आणलं. आकडा आला चोपन्न. सत्तरच्या खाली गेलं की धोका, हे मला त्या दिवशी कळलं. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, अठ्ठ्याहत्तर. अण्णांनी मला माझ्या नावानं हाक मारली. स्वतःच्या नावाचा इतका आनंद मला पगारपत्रकातही कधी झाला नव्हता. सिस्टरनी त्यांना लगेच दोन पोळ्या खायला घातल्या आणि बजावलं, की या गोळीचा अंमल बराच वेळ राहतो, साखर पुन्हा उतरू शकते, तेव्हा आजच डॉक्टरांना दाखवा आणि दिवसभर मोजत राहा.

आता मला सांगा, चूक कोणाची? सेक्रेटरींची? ते गृहस्थ पहाटे साडेपाचला उठून स्वखर्चानं शिट्टी घेऊन आले होते. अण्णांची? ते तर आज्ञाधारक. चूक त्या निरोपातल्या दोन शब्दांची. 'उपाशीपोटी यावे'. बँकेत आम्ही विड्रॉवल फॉर्मवर दोन शब्द चुकले तर परत करतो. इथं तेवीस जणांनी त्यावर अंगठा उठवला, आणि मी, तपासनीस म्हणवणारा, लोकलची वेळ मोजत बसलो. बत्तीस बिऱ्हाडांच्या बत्तीस तऱ्हेच्या शरीरांना एकच हुकूम सोडायचा अधिकार कोणाला नाही. बोलवावं जरूर, पण बोलावणं हे बोलावणं असावं. समन्स नसावं.

आणि बोलावलं कोणाला? आमच्याकडे पाणी सहा ते पावणेसात येतं. त्या वेळी 'बंधू' आवारात आणि 'भगिनी' नळाशी. आमची ही म्हणाली, "माझं कारण कळवा. पिंप भरतेय."

रविवारी सेक्रेटरी घरी आले. बिचारे खचले होते. मंडळ बंद करतो म्हणाले. मी म्हटलं, "मंडळ कशाला? निरोप बंद करा." मग आम्ही दोघांनी, सिस्टरना विचारून विचारून, नवा निरोप लिहिला. मी आयुष्यात पहिल्यांदा मसुदा लिहिला ज्यावर मॅनेजरनं लाल शाई फिरवली नाही. तो असा :

"रात्री जेवणानंतर, नऊच्या सुमारास, आवारात थोडं चालू या. दहा मिनिटंही पुरेत, अर्धा तास झाला तर उत्तम. गप्पा मारत चाला. गप्पा मारता येईनाशा झाल्या तर हळू व्हा. पाय शेवटी ताणू, ज्यांना जमेल त्यांनी. सकाळवाल्यांनी सकाळी यावं. शुगरच्या गोळ्या वा इन्सुलिन घेणाऱ्यांनी गोळी आणि खाणं कसं बसवायचं ते डॉक्टरांना विचारून यावं आणि खिशात साखर ठेवावी. चालताना छातीत दडपण येणाऱ्यांनी आधी डॉक्टरकडे जावं, मग आमच्याकडे. न येणाऱ्यांनी कारण कळवू नये."

रात्रीची वेळ आम्ही केवळ नळाच्या धाकानं निवडली नाही. न्यूझीलंडमध्ये मधुमेही लोकांवर केलेल्या एका प्रयोगात (२०१६) असं दिसलं, की दिवसातून एकदाच अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चाललं तर जेवणानंतरची साखर जास्त आटोक्यात राहते. आमच्या आज्यांची शतपावली ही शंभर पावलांचीच होती. त्यांना जपानी यंत्र विकायचं नव्हतं.

या निरोपाला अंगठे फक्त चार आले. रात्री नऊला खाली माणसं मात्र सतरा होती, त्यांत बायका दहा. अण्णा सगळ्यांच्या पुढं, खिशात साखरेची पुडी. मी सगळ्यांच्या मागं. "अहो, गाऊन दाखवा बघू," ही म्हणाली. मला गाता आलं. म्हणजे मी फार हळू चालत होतो. पण त्यानंतर मला कोणी चाल वाढवायला सांगितलं नाही, फक्त गाणं थांबवायला सांगितलं.