एकोणीस सेकंदांचा हिशेब

गाण्याचा तुकडा कापणाऱ्या माणसांचे दोन वर्ग आहेत. पहिला वर्ग शब्दांवर कापतो, दुसरा मात्रांवर. पहिला वर्ग बहुसंख्य आहे, उत्साही आहे, आणि गणेशोत्सवाच्या आधी महिनाभर आमच्या कोथरूडमधल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज संध्याकाळी सात वाजता जमतो. हा लेख त्या वर्गाच्या विरोधात आहे. सुरुवातीलाच सांगून टाकलेले बरे. मागाहून कोणी म्हणायला नको, की काऊंटरवर गोड बोलतात आणि कागदावर असे लिहितात!

विषय तसा साधा आहे. नाच बसवायचा असो की पेटीवर एखादी जागा बसवायची असो, अख्खे गाणे पुन्हापुन्हा लावण्यात अर्थ नसतो. अडते ते मधल्या पंधरावीस सेकंदांत. तेवढाच तुकडा परतपरत वाजवायचा आणि तो हातात किंवा पायात मुरवायचा, हे शहाणपणाचे आहे. आमच्या लहानपणी त्यासाठी टेपरेकॉर्डरचे मागे नेण्याचे बटण होते. ते दाबून सोडले की टेप हव्या त्या जागेच्या अलीकडे किंवा पलीकडे, पण त्या जागी म्हणून कधीच थांबत नसे. आता मोबाइलवर प्लेअरची अशी अॅप्स मिळतात, की सुरुवातीची आणि शेवटची खूण ठेवली की मधला तुकडा आपोआप फिरत राहतो. सोय उत्तम आहे. माझी तक्रार त्या खुणा ठेवणाऱ्यांविषयी आहे.

शब्द सुरू झाले की एक खूण, शब्द संपले की दुसरी खूण. झाला तुकडा! आता शब्द संपले म्हणून ताल संपला असे कोणी सांगितले? आमच्याकडे दिवसभरात शेवटचा ग्राहक तीन वाजता निघून गेला म्हणजे दिवस मिटला, असे कोणी समजत नाही. जमा आणि नावे जुळेपर्यंत कॅशियर घरी जात नाही. गाण्याचेही तेच. गायिका ओळ संपवून श्वास घेते, तेव्हा तबला अजून दोनतीन मात्रांचे देणे फेडत असतो. ते देणे बुडवून तुम्ही पहिल्या शब्दावर उडी मारलीत, की हिशेबात फरक आलाच.

खरे तर ही विद्या आपल्याला नवीन नाही. तबल्याच्या किंवा कथकच्या रियाजाला जो लेहरा धरतात, ज्याला नगमाही म्हणतात, तो म्हणजे फिरवत ठेवलेला तुकडाच. सारंगी नाही तर पेटी घेऊन एक माणूस बसतो आणि तालाच्या एका आवर्तनाएवढी सुरावट तासन्‌तास वाजवतो. तीनताल असेल तर 16 मात्रा, झपताल असेल तर 10, रूपक असेल तर 7. त्या सुरावटीची बांधणीच अशी, की शेवटच्या मात्रा पुढच्या समेकडे बोट दाखवतात. सांधा कुठे आहे हे ऐकणाऱ्याला कळतच नाही. ज्या पुण्यात रोहिणी भाटे यांनी 1947 साली नृत्यभारती सुरू केली आणि कथक घरोघरी पोचवले, त्या पुण्यात तरी तुकडा मात्रा मोजून कापावा हे सांगायला बँकेतल्या कारकुनाने पुढे येण्याची पाळी येऊ नये. पण आली आहे.

गेल्या वर्षीचे उदाहरण घेऊ. आमच्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी सहाजणींचा नाच बसवायला घेतला. गाणे आठ मात्रांच्या ठेक्यातले होते. त्यातला अवघड तुकडा गाण्याच्या 41व्या सेकंदाला, बरोबर समेवर सुरू होत होता. वहिनींनी शेवटची खूण 60व्या सेकंदावर ठेवली. का? तर तिथे ओळ संपते आणि आकडाही पूर्ण येतो. एकोणीस सेकंद! हिशेबाला सोपे!

मी खिडकीत बसून घड्याळ लावले. गाण्याला टाळी देत मोजले तर मिनिटाला 100 मात्रा भरल्या. म्हणजे एक मात्रा 0.6 सेकंदाची. आठ मात्रांचे आवर्तन 4.8 सेकंदांचे. तुकड्यात चार आवर्तने होती, म्हणजे 19.2 सेकंद. वहिनींच्या तुकड्यात 0.2 सेकंद कमी पडत होते. हे म्हणजे एका मात्रेचा तिसरा हिस्सा. बत्तिसावी मात्रा 0.6 सेकंदाऐवजी 0.4 सेकंदात गुंडाळली जात होती आणि सम घाईघाईने येऊन कपाळावर आदळत होती.

हे मी वहिनींना सांगितले. त्या म्हणाल्या, “भावोजी, एवढंसं कोणाला कळतंय?” हा प्रश्न मला रोज काऊंटरवर विचारला जातो, त्यामुळे उत्तर तोंडपाठ आहे. कोणालाच कळत नाही, पण दिवस मिटत नाही! डोक्याला कळत नसेल, पायाला मात्र बरोबर कळते. संध्याकाळी 25 फेऱ्या, अशा 12 संध्याकाळी, म्हणजे 300 वेळा सहाजणींच्या पायांना शिकवले गेले, की शेवटचे पाऊल लवकर उचलायचे असते. 300 गुणिले 0.2 म्हणजे 60 सेकंद. अख्खे एक मिनिट पार्किंगमध्ये गिळंकृत झाले आणि त्याची कुठे नोंद नाही!

कार्यक्रमाच्या दिवशी अखंड गाणे लागले. तुकड्याच्या शेवटी सहाच्या सहा पावले एका वेळी उचलली गेली आणि सम यायची वाट पाहत हवेत थांबली. ताल आपल्या वेळेवर आला. तो पुण्यातला एकमेव असा, की कोणासाठी लवकर येत नाही. प्रेक्षकांना वाटले हीच अदा आहे. टाळ्याही पडल्या. म्हणून काय चूक बरोबर ठरते?

आता कोणी म्हणेल, की दशांश चिन्हे घेऊन नाचायचे काय? मुळीच नाही. आकडेमोड फक्त पहिल्या अंदाजापुरती. शेवटचा निकाल कानाने द्यायचा. तुकडा फिरवत ठेवावा, डोळे मिटावेत आणि सारखी टाळी देत राहावे. सांध्यावर आपली टाळी थांबवायची नाही की पळवायची नाही. टाळी पडण्याआधीच सम ऐकू आली तर तुकडा आखूड आहे. शेवटची खूण जरा पुढे न्यावी. टाळी पडून गेली आणि सम मागून धापा टाकत आली तर तुकडा लांब आहे. खूण मागे घ्यावी. सुरुवातीच्या खुणेला हात लावू नये. दोन्ही खुणा एकदम हलवल्या तर काय दुरुस्त झाले हेच कळत नाही, हा आमच्या खतावणीचाही अनुभव आहे. दहा फेऱ्या टाळी अडखळली नाही, की तुकडा जुळला.

कानावरच सोपवायचे याला आणखी एक कारण आहे. जुनी गाणी वादकांनी एकत्र बसून वाजवलेली आहेत. माणूस म्हटला की अंतऱ्यात किंचित लय चढते, कुठे किंचित सैलावते. मिनिटाला 100 मात्रा हा सबंध गाण्याचा सरासरी आकडा. तुमच्या चार आवर्तनांत तो जरा वेगळा असू शकतो. यंत्राच्या ठोक्यावर ध्वनिमुद्रित झालेल्या अलीकडच्या गाण्यांत हिशेब बहुधा काटेकोर येतो. जुन्यांत काट्याऐवजी कान.

शिवाय समेवर सुरू होणाऱ्या तुकड्यात श्वास घ्यायला जागा नसते. शेवटचे पाऊल पडते न पडते तोच पहिले पाऊल. म्हणून पहिले काही दिवस आधीचे एक आवर्तन जोडून घ्यावे. वहिनींच्या गाण्यात सुरुवात 36.2 वर आली असती, तुकडा पाच आवर्तनांचा, म्हणजे 24 सेकंदांचा झाला असता, आणि सहाजणींना जागेवर परत यायला 4.8 सेकंद मिळाले असते. हवे तिथून सुरू करा, अगदी शब्दावरून करा, माझे भांडण नाही. लांबी मात्र पूर्ण आवर्तनांची पाहिजे. मागील बाकी पुढे नेताना पैसाही गळता कामा नये, एवढेच.

आता शेवटचा आणि सगळ्यांत मोठा गुन्हा. तुकडा उत्तम जुळला, लय अचूक बसली, तरी तो पंधरा दिवस तसाच फिरवत राहणे. फिरणारा तुकडा माणसाला एकच रस्ता शिकवतो: संपला की सुरुवातीला जा. पण गाणे सुरुवातीला जात नाही, पुढे जाते. आमच्या चिरंजीवांनी पेटीवर एक जागा अशी घोटली, की ती संपल्यावर बोटे आपोआप पहिल्या सुरावर परत येत. पुढची ओळ त्याला येत होती, पण तिच्यापर्यंत जायला वाटच नव्हती. दोन खोल्या बांधल्या आणि मधले दार बांधायचे राहिले!

उपाय सोपा आहे. तुकडा बसला की खुणा पुढे सरकवाव्यात. अर्धा हा तुकडा आणि अर्धा पुढचा घ्यावा. वहिनींच्या बाबतीत सुरुवात 50.6 वर, शेवट 69.8 वर. आवर्तने चारच, लांबी तीच 19.2 सेकंदांची, पण आता सांधा तुकड्याच्या पोटात आला. जी जागा रोज टाळली जात होती, तीच दर फेरीला घोटली जाते. चिरंजीवांच्या पेटीला हा उपाय केला आणि चार दिवसांत दार उघडले.

यंदा पार्किंगच्या भिंतीवर एक पाटी लावावी असा ठराव मी सोसायटीच्या सभेत मांडणार आहे. मजकूर तयार आहे: ‘येथे गाण्याचे तुकडे वाजवताना आवर्तन पूर्ण करावे. मात्रा कमी पडल्यास पुन्हा मोजाव्यात. ओळ संपली ही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ खाली वेळ टाकायची आहे, सात ते साडेआठ. तीही मिनिटाला धरून.