बासष्ट ग्रॅमचा हार, एकोणीस ग्रॅम सोनं

माझी मावसबहीण लग्न होऊन राजस्थानात गेली, त्याला आता बरीच वर्षं झाली. सासर आमेरला. जयपूर वसण्याआधीची ही राजधानी. इथल्या राजा मानसिंहाने लाहोरहून मीनाकारीचे कारागीर आणले, असं सांगतात. सासूबाईंनी तिला दिलेला हारही त्याच परंपरेतला. गळ्याशी घट्ट बसणारा कुंदनचा ‘आड’. पुढे खडे, मागच्या बाजूला लाल-हिरवा मीना.

यंदा मुलीच्या नर्सिंग कॉलेजची फी भरायची होती. एक लाख ऐंशी हजार. बहिणीने घरच्या काट्यावर हार ठेवला. बासष्ट ग्रॅम. मग मला फोन केला, “ताई, पाच लाखांच्या वर येतील गं!” मी म्हटलं, “थांब. आधी हारात सोनं किती आहे ते बघू.”

तुमच्याही कपाटात असा एखादा जडावाचा दागिना असेल, तर हा हिशेब एकदा नीट बघा. सोन्याचा भाव रोज बदलतो, म्हणून आकडेमोडीसाठी आपण चोख सोन्याचा भाव ग्रॅमला १०,००० रुपये धरू. म्हणजे बावीस कॅरेटचा भाव होतो ९,१६०.

कुंदनचा दागिना भरीव नसतो. सोन्याच्या पातळ पत्र्याचे पोकळ घर करतात, त्यात लाख भरतात, लाखेवर खडा बसवतात आणि खड्याच्या कडेने चोख सोन्याची नाजूक पट्टी दाबत जातात. ही पट्टी म्हणजे कुंदन. म्हणून काट्यावर हार जड वाटतो, पण त्यातलं बरंच वजन लाखेचं आणि खड्यांचं असतं.

बहिणीच्या हारातून दोरा आणि मोती निघाले ६ ग्रॅम, खडे १३ ग्रॅम, लाख १८ ग्रॅम. उरले २५ ग्रॅम, आणि त्यातही मीना होताच. खडे काढताना एक गोष्ट सांभाळायची असते. कडेची कुंदनची पट्टी तुकडे होऊन निघते. ती सगळ्यात चोख असते. ते तुकडे वेचून बाकीच्या सोन्यासोबत मुशीत गेले पाहिजेत. खडे मात्र तुमचे. ते मोजून परत घ्या. जुन्या हारांत काचेसोबत कधी कधी पोलकी, म्हणजे पैलू न पाडलेले खरे हिरेही असतात.

मग आटणी. सोनं १,०६४ अंशांना वितळतं, पण जळून उडून जात नाही. मग घट येते कुठून? मळ, मेण, उरलेली लाख जळते. मीना ही मुळात काच. ती टाकणखारासोबत मळीत जाते. सांधे जोडायला वापरलेल्या मिश्रणात जस्त किंवा कॅडमियम असेल तर तेही धूर होऊन जातं. म्हणून साध्या बांगडीची घट अगदी थोडी येते आणि मीनाच्या दागिन्याची जास्त. बहिणीच्या हाराचे २५ ग्रॅम आटल्यावर २३.२ झाले. मीना किती होता हे पाहता ही घट पटण्यासारखी होती. तरी मुशीतली मळी फोडून दाखवायला सांगावी. सोन्याचे बारीक मणी तिच्यात अडकून राहतात.

आता कस. आटवण्याआधी यंत्राखाली हार धरला तेव्हा एका जागी आकडा फार वर दाखवला, दुसऱ्या जागी बराच खाली. यात यंत्राची चूक नाही. ते फक्त वरचा थर वाचतं. कुंदनवर धरलं तर चोख सोनं दिसतं, सांध्यावर धरलं तर हलकं. सगळं एकत्र आटवून लगड झाली की मगच खरा कस कळतो. लगडीचा कस आला ८३.५ टक्के, म्हणजे साधारण वीस कॅरेट. घरात सगळे त्याला बावीस कॅरेट समजत होते. पण सांध्यांचं हलकं मिश्रण आटणीत सगळ्या सोन्यात मिसळतं आणि कस खाली येतो. शिवाय कुंदन, पोलकी आणि जडावाच्या दागिन्यांना हॉलमार्कची सक्ती नाही, त्यामुळे अशा दागिन्यावर कसाचा शिक्का बहुधा सापडत नाही.

२३.२ ग्रॅमचे ८३.५ टक्के म्हणजे १९.३७२ ग्रॅम चोख सोनं. बासष्टवरून एकोणीसवर आलो. बहिणीचा चेहरा उतरला, पण इथपर्यंत तिला कुणी फसवलं नव्हतं.

खरी गडबड पुढे होती. दुकानदाराने कागदावर लिहिलं: १९.३७२ गुणिले ९,१६०, म्हणजे १,७७,४४८. त्यातून ‘आटणी घट’ २ टक्के वजा. हातात १,७३,८९९ रुपये. फीलाही पुरत नव्हते.

कागदाचा फोटो तिने मला पाठवला. त्यात दोन चुका होत्या. कस लावून सोनं आधीच चोख करून घेतलं होतं. त्याला चोख सोन्याचाच भाव लागायला हवा. बावीस कॅरेटचा भाव लावला की कसाची वजावट दोनदा होते. दुसरी चूक घटीची. वजन आटवल्यानंतरचं होतं, म्हणजे घट आधीच निघून गेली होती. ती पुन्हा कापायची कशासाठी?

बहिणीने लगड परत मागितली. आटवण्याआधीच तिने विचारून ठेवलं होतं, “सौदा जमला नाही तर लगड परत द्याल ना?” म्हणून ती मिळाली. दुसऱ्या सराफाने १९.३७२ ग्रॅमला १०,००० चा भाव लावला. १,९३,७२० रुपये झाले. त्याने आपला व्यापारी कमिशन म्हणून २ टक्के कापले आणि तसं स्पष्ट लिहिलं. हातात आले १,८९,८४६. तीच लगड, तोच कस, पण फरक १५,९४७ रुपयांचा. फी भरली गेली.

दुकानदाराचं कमिशन हा सौद्याचा भाग आहे. ते किती, हे आधी विचारा आणि त्याला घटीचं नाव देऊ देऊ नका. वजन चार वेळा डोळ्यांसमोर करून घ्या: जसाच्या तसा दागिना, खडे काढल्यावर, लाख काढल्यावर आणि आटल्यावर. चारही आकडे एकाच कागदावर असू द्या.

आणि आटवण्याआधी एक दिवस थांबा. मीनाचा जुना हार मुशीत गेला की त्याची कारागिरी गेली, फक्त सोनं उरतं. जुने दागिने जसेच्या तसे घेणारे सराफ जयपूरमध्ये भेटतात. बहिणीच्या हाराचा मीना ठिकठिकाणी उडाला होता आणि दोन घरं फुटली होती, म्हणून तिने दाखवूनही कुणी तसा घ्यायला तयार झालं नाही. तुमचा हार धड असेल, तर आधी तसाच दाखवून बघा. त्याची किंमत सोन्यापेक्षा जास्त निघू शकते.

परत मिळालेले खडे बहिणीने एका डबीत ठेवलेत. त्यातले चार पोलकी निघाले. लेकीच्या लग्नात त्यांच्या कुड्या करायच्या म्हणते.