नावलौकिकाला घसारा नाही!

धंदा विकत घेणारा मनुष्य केवळ कपाटे, यंत्रे आणि शिल्लक माल विकत घेत नाही. जुने गिऱ्हाईक उद्याही त्याच दुकानाची पायरी चढेल, या भरवशाचीही तो किंमत मोजतो. या भरवशालाच आपण नावलौकिक म्हणतो आणि व्यापारी गुडविल म्हणतात. ही किंमत रोख मोजावी लागते, तीही एकदाच. तिचा लाभ मात्र पुढे काही वर्षे मिळत राहतो. तेव्हा करपात्र नफा काढताना ही रक्कम त्या वर्षांवर टप्प्याटप्प्याने खर्ची टाकू द्यावी की नाही, हा प्रश्न आहे. सन २०२१ च्या वित्त कायद्याने त्याला सरसकट 'नाही' असे उत्तर दिले. सन १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून लागू करण्यासाठी संसदेने संमत केलेल्या २०२५ च्या आयकर कायद्यातही तेच उत्तर कायम आहे. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे, असे आमचे मत आहे.

प्रथम हा प्रश्न कसा उद्भवला ते पाहू. सन १९९८ पर्यंत घसारा मिळे तो प्रामुख्याने इमारत, यंत्रे, फर्निचर अशा डोळ्यांना दिसणाऱ्या मालमत्तेवर. त्या वर्षी कायद्यात सुधारणा होऊन तांत्रिक ज्ञान, पेटंट, कॉपीराइट, व्यापारचिन्ह, परवाना, फ्रँचाइझी आणि 'तत्सम स्वरूपाचे अन्य व्यावसायिक हक्क' यांनाही दरसाल शिल्लक किमतीवर २५ टक्के घसारा मिळू लागला. या यादीत नावलौकिकाचा उल्लेख नव्हता. पण तो वगळल्याचेही म्हटले नव्हते. वाद माजला तो या मौनामुळे. अखेर ऑगस्ट २०१२ मध्ये स्मिफ्स सिक्युरिटीज या कंपनीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नावलौकिक हाही 'तत्सम व्यावसायिक हक्क' होय, असा निवाडा दिला.

ते प्रकरण दोन कंपन्यांच्या विलीनीकरणाचे होते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. मोजलेला मोबदला आणि हाती आलेली निव्वळ मालमत्ता यांतील फरक तेथे नावलौकिक म्हणून गणला गेला होता. या निवाड्याने प्रामाणिक खरेदीदाराची सोय झाली, तशी चतुरांचीही झाली. एकाच घराण्याच्या दोन कंपन्या एकत्र करायच्या, शेअरची देवाणघेवाण वाढीव मूल्याने दाखवायची आणि त्यातून वहीत उमटलेल्या नावलौकिकावर घसारा मागायचा, ही वाट मोकळी झाली. बाहेर कोणाच्या हाती एक रुपयाही पडलेला नसताना कर मात्र घटावा, हे कोणत्याही सरकारला मानवणारे नव्हते. ही वाट बुजवणे रास्तच होते. पण ती बुजवताना सरकारने शेजारचा राजरस्ताही खणून टाकला.

एक उदाहरण घेऊ. समजा, मडगावातील मिठाईचे एक जुने दुकान एका भागीदारी पेढीने एप्रिल २०१८ मध्ये एक कोटी रुपयांना विकत घेतले. भट्ट्या, फर्निचर आणि माल यांचे ४० लाख झाले; उरलेले ६० लाख नावलौकिकाचे. पहिल्या वर्षी पेढीला १५ लाखांचा घसारा मिळाला, दुसऱ्या वर्षी शिल्लक ४५ लाखांवर ११ लाख २५ हजारांचा. उरले ३३ लाख ७५ हजार. तिसऱ्या वर्षी, म्हणजे २०२०-२१ मध्ये, सुमारे ८ लाख ४४ हजारांचा घसारा मिळायचा होता. परंतु १ फेब्रुवारी २०२१ रोजी मांडलेल्या अर्थसंकल्पाने तो नाकारला. आणि नाकारला तो त्याच चालू वर्षापासून! वर्षाचे दहा महिने उलटले होते, आगाऊ कराचे तीन हप्ते भरून झाले होते. पेढीला कर ३० टक्के. म्हणजे अधिभार व उपकर सोडूनही एका वर्षापोटी अडीच लाखांचा बोजा अनपेक्षितपणे अंगावर आला.

मग त्या ३३ लाख ७५ हजारांचे काय? पुढे कधी पेढीने धंदा नावलौकिकासह विकला, तर भांडवली नफा काढताना ही रक्कम वजा होईल. पण धंदा विकलाच नाही तर? मालकांनी वीस वर्षे दुकान चालवले आणि अखेर गिऱ्हाईक तुटून ते बंद पडले, तर विक्रीच नाही, म्हणून वजावटही नाही. जो दुकान विकून मोकळा होतो त्याला सवलत आणि जो ते शेवटपर्यंत चालवतो त्याला काहीच नाही, हा कोणता न्याय?

सरकारचा युक्तिवाद असा की, नावलौकिक झिजतोच असे नाही. धंदा नीट चालला तर तो वाढतोही. शिवाय तो टिकवण्यासाठी होणारा जाहिरातीचा व पगाराचा खर्च दरसाल वजा मिळतोच. या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु तो खर्च नवा नावलौकिक उभा करतो. विकत घेतलेले जुने गिऱ्हाईक वयोमानाने, स्थलांतराने, आवड बदलल्याने गळतच असते. हिशेबशास्त्रालाही हे मान्य आहे. विलीनीकरणासंबंधीच्या चौदाव्या लेखामानकानुसार असा नावलौकिक साधारणपणे पाच वर्षांत खर्ची टाकायचा असतो. एकाच मालमत्तेची आयुर्मर्यादा जमाखर्चाच्या वहीत पाच वर्षे आणि करविवरणात अनंत, अशी ही विसंगती आहे.

यातून नवे तंटे निघणार हे उघड आहे. व्यापारचिन्ह, पाककृतीचे तांत्रिक ज्ञान आणि परवाना यांना घसारा आजही मिळतो. नावलौकिकाला तेवढा नाही. साहजिकच खरेदीखतात नावलौकिकाचा रकाना रिकामा ठेवून सारी रक्कम व्यापारचिन्हावर लादण्याचा मोह होणार आणि आयकर अधिकारी ती उलट फिरवणार. खरेदीदारांनी खतातच प्रत्येक हक्काचे मूल्य वेगळे लिहावे आणि त्याला मूल्यमापकाच्या अहवालाचा आधार ठेवावा. केवळ नावे बदलल्याने हक्क बदलत नाही.

अमेरिकेने हा अनुभव पूर्वीच घेतला आहे. तेथील एका वृत्तपत्र कंपनीने दुसरी वृत्तपत्र संस्था घेताना वर्गणीदारांच्या यादीची किंमत नावलौकिकाहून वेगळी दाखवून तिच्यावर घसारा मागितला. १९९३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो मान्य केला, पण पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने. वर्गणीदारांची यादी कोठे संपते आणि वृत्तपत्राचा नावलौकिक कोठे सुरू होतो, हे न्यायमूर्तींनाही एकमताने सांगता आले नाही! त्याच वर्षी तेथील विधिमंडळाने तोडगा काढला. विकत घेतलेला नावलौकिक आणि सोबतचे बहुतेक अमूर्त हक्क यांची किंमत पंधरा वर्षांत समान हप्त्यांनी खर्ची टाकावी, असा तो नियम होता. नाव काहीही दिले तरी हप्ता तोच, म्हणून नावावरून भांडण्याचे कारणच उरले नाही.

आपल्याकडेही हे शक्य आहे. समूहातल्या समूहात निर्माण केलेल्या कागदी नावलौकिकाला वजावट खुशाल नाकारावी. परंतु परक्या विक्रेत्याला प्रत्यक्ष किंमत मोजून घेतलेल्या नावलौकिकाला पंधरा वर्षांचे समान हप्ते द्यावेत. आमच्या मडगावच्या पेढीला मग वर्षाला चार लाखच मिळाले असते. पूर्वीच्या १५ लाखांपुढे ही रक्कम लहान आहे. तिजोरीला ती जड नाही आणि व्यापाऱ्याला ती पुरेशी आहे. विक्रेत्याने स्वतः कमावलेल्या नावलौकिकाची खरेदीकिंमत शून्य धरून विक्रीच्या रकमेवर सरकार भांडवली नफ्याचा कर घेतेच. एका हाताने ज्या वस्तूवर कर घ्यायचा, तीच वस्तू खरेदीदाराच्या हाती जाताच तिची झीज होत नाही म्हणायचे, हा दुटप्पीपणा संसदेने लवकर संपवावा.