बटण दिसत नाही, म्हणजे गुन्हा झाला का?

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात मोहल्ल्यातला एक मुलगा माझ्याकडे आला. बारावी झालेल्या मुलींच्या फीसाठी पोरांनी इन्स्टाग्रामवर खाते उघडले होते आणि अर्जाची लिंक स्टोरीत टाकायची होती. "चाचा, सगळ्यांच्या स्टोरीत लिंक दाबता येते, आपल्यालाच ते बटण येत नाही. आपलं नाव बघूनच बंद केलंय." दुसरा म्हणाला, "नाही, दहा हजार फॉलोअर लागतात. एक जण विकत देतोय, उद्यापर्यंत करून देतो म्हणाला." पैसे त्याच्या हातात गेलेही होते.

दोघेही चुकले होते. आणि दोघे चुकले त्याला कंपनी जबाबदार आहे, असे माझे म्हणणे आहे. आधी चूक काय ते सांगतो.

दहा हजारांची अट एकेकाळी खरी होती. तेव्हा स्टोरी वर सरकवली की लिंक उघडायची आणि ही सोय निळी खूण असलेल्या किंवा दहा हजार फॉलोअर असलेल्या खात्यांनाच मिळायची. 30 ऑगस्ट 2021 पासून ती पद्धत बंद होऊ लागली आणि तिच्या जागी लिंक स्टिकर आले. त्याच वर्षी 27 ऑक्टोबरला कंपनीने जाहीर केले की स्टिकर आता सर्व खात्यांना मिळेल, फॉलोअर कितीही असोत. म्हणजे आज जो दहा हजारांच्या नावाने फॉलोअर विकतो, तो मेलेल्या नियमाचे तिकीट विकतो.

त्याच घोषणेत दोन अपवाद होते. नव्या खात्यांना स्टिकर मिळणार नाही. आणि द्वेषाची भाषा, खोटी माहिती किंवा नियमांविरुद्धचा इतर मजकूर वारंवार टाकणाऱ्या खात्यांना मिळणार नाही. कारण समजण्यासारखे आहे. लिंक माणसाला ॲपच्या बाहेर नेते, फसवणूक करणाऱ्याला तेच हवे असते, आणि तो पकडला गेला की नवे खाते उघडतो. त्यामुळे नव्याला थोडे थांबवणे गैर नाही.

आमच्या पोरांचे खाते नऊ दिवसांचे होते. संपले. यात धर्म नव्हता, नाव नव्हते. मी त्यांना विचारले, मागच्या रमजानचे खाते कुठे आहे? ते पडून होते. त्याआधीच्या रक्तदान शिबिराचे वेगळे, ईद-ए-मिलादचे वेगळे. प्रत्येक कामाला नवे नाव, नवा लोगो, नवे खाते. काही मंडळांना लिंक स्टिकर कधीच मिळत नाही याचे एक साधे कारण हे आहे: त्यांचे खाते कधी जुनेच होत नाही. तोपर्यंत काम संपते आणि पुढच्या कामाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

विकतच्या फॉलोअरांनी नुकसान आणखी वाढते. खोटे फॉलोअर जमवणे हेच नियमाविरुद्ध आहे. जे खाते फक्त नवे होते, ते पैसे देऊन संशयित होते. निर्दोष माणसाने जामिनासाठी खोटा कागद करावा, तसला हा प्रकार.

आता कंपनीकडे वळतो. नवखा आणि गुन्हेगार यांना ती एकच वागणूक देते: दोघांच्याही पडद्यावर स्टिकरच्या रांगेत लिंक नसते. घोषणेत "नवे" म्हणजे किती दिवसांचे, हे लिहिलेले नाही. "वारंवार" म्हणजे किती वेळा, हेही नाही. पोस्टमन पत्र आणत नाही आणि का आणत नाही हेही सांगत नाही. मग माणूस कारण स्वतः शोधतो. ज्याला घर भाड्याने घेताना नाव सांगितल्यावर नकार ऐकायची सवय झाली आहे, तो इथेही तेच कारण शोधणार. त्याला संशयी म्हणण्याआधी कारण लपवणाऱ्याला जाब विचारा.

आणि हा संशय हवेतून आलेला नाही. मे 2021 मध्ये पॅलेस्टाइन-इस्राएल संघर्षाच्या वेळी मेटाने काय केले, याची तपासणी कंपनीनेच बीएसआर या संस्थेकडून करून घेतली. सप्टेंबर 2022 च्या त्या अहवालात आहे की अरबी मजकुरावर चुकीची कारवाई जास्त झाली. अरबीतला आक्रमक मजकूर पकडणारी यंत्रणा होती, हिब्रूसाठी नव्हती. चुकून काढलेल्या पोस्टबद्दल लोकांच्या खात्यांवर खोटे ठपके साचले आणि त्यांची पोच घटली. मार्च 2024 मध्ये मेटाच्याच ओव्हरसाइट बोर्डाने सांगितले की "शहीद" या एका शब्दामुळे जितका मजकूर काढला जातो, तितका दुसऱ्या कुठल्याच शब्दामुळे नाही. तो नियम कंपनीच्या धोकादायक यादीतल्या व्यक्तींपुरता होता. पण बोर्डाचे म्हणणे होते की शब्दाला अनेक अर्थ आहेत आणि सरसकट बंदी चूक आहे. जुलै 2024 मध्ये कंपनीने नियम सैल करायचे मान्य केले. हुतात्म्याला सहज शहीद म्हणणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळे समजवायला नको.

म्हणजे "वारंवार नियम मोडणारे खाते" हा शिक्का नेहमी खरा असतोच असे नाही. पण नेहमी खोटा असतो असेही नाही. तपासल्याशिवाय पूंछ-जम्मूचे जुने व्हिडिओ ताजे म्हणून फिरवणारे आपल्यातही आहेत. त्यांच्यावर ठपका आला तर मी त्यांच्यासाठी लढणार नाही.

म्हणून आधी पाहा, मग बोला. ॲप अद्ययावत करा. प्रोफाइलवरच्या तीन रेघा दाबून सेटिंग्जमध्ये Account Status उघडा. कुठला मजकूर काढला आणि कुठल्या सोयी बंद आहेत, ते तिथे दिसते. काढलेली पोस्ट निर्दोष असेल तर तिथूनच फेरविचार मागा. तिथे सगळे स्वच्छ असेल आणि खाते नवे असेल, तर थांबा.

दाद मिळाली नाही तर कायदा आहे. 2021 च्या आयटी नियमांनुसार कंपनीच्या भारतातल्या तक्रार अधिकाऱ्याने 24 तासांत पोच आणि साधारणपणे 7 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. तो पटला नाही तर 30 दिवसांत केंद्राच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन अपील करता येते. तक्रार लिहिताना "अन्याय झाला" एवढेच लिहू नका. खात्याचे नाव, उघडल्याची तारीख, Account Status चा स्क्रीनशॉट आणि एकच प्रश्न: आमची ही सोय कोणत्या कारणाने आणि कधीपर्यंत बंद आहे?

कंपनीकडे माझीही मागणी तेवढीच आहे. बटणाच्या जागी एक ओळ लिहा: "खाते नवे आहे, अमुक तारखेला सोय मिळेल" किंवा "या पोस्टमुळे बंद आहे." एवढे सांगितल्याने फसवणारा शहाणा होईल असे कंपनी म्हणेल. तो आधीच शहाणा आहे. अडाणी ठेवला जातो तो अर्ज करणाऱ्या मुलीचा भाऊ.

आमच्या पोरांनी शेवटी अर्जाची लिंक प्रोफाइलच्या बायोमध्ये घातली. तिथे ती दाबता येते, पोस्टखाली लिहिलेली येत नाही. मागच्या रमजानचे पडून असलेले खाते उघडले, तर त्यावर स्टिकर होते. नवे खाते बंद करून काम जुन्यावर नेले. फॉलोअर विकणाऱ्याने पैसे परत दिले नाहीत.