मालकाचे चारशे चाळीसच का?



परवा एक पाटील बांधावर भेटले. त्यांचा मुलगा कारखान्यात आहे. त्याच्या भविष्य निर्वाह निधीच्या पासबुकाची प्रत दाखवून म्हणाले, "साहेब, पोराचे १,४४० आणि मालकाचे ४४०च! हजार रुपये गेले कुठे?"

मुलाचा मूळ पगार व महागाई भत्ता मिळून १२,००० रुपये. त्याचे १२ टक्के, म्हणजे १,४४०, कर्मचाऱ्याच्या रकान्यात जातात. मालकही तेवढेच भरतो. पण त्यातले ८.३३ टक्के, म्हणजे १,०००, पेन्शनच्या रकान्यात पडतात. उरतात ४४०. पेन्शनच्या रकमेवर व्याज लागत नाही. बाकी दोन्ही रकमांचे व्याज महिन्याच्या शिलकेवर मोजतात, जमा मात्र वर्षाचे एकदम होते. मुलाने उचललेले २०,००० काढलेल्या रकमेत होते, तेवढी शिलक घटली.

खरी खोट निराळीच निघाली. जुलैच्या पगाराची ओळच नव्हती. पगारचिठ्ठीत मात्र कपात होती. ही रक्कम मालकाने पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते. म्हणून पासबुक व पगारचिठ्ठी महिनावार ताडून पाहावी. ओळ गाळलेली दिसली तर आधी कारखान्याच्या कचेरीत विचारावे. दाद न लागल्यास दोन्हींच्या नकला जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाकडे लेखी तक्रार करावी.