धुऊन ठेवू नका, धुऊन खा

तांदूळ आणि डाळ आपण कधी धुऊन डब्यात भरतो का? नाही. ओला तांदूळ डब्यात कुबट होतो, हे घरातल्या लहान मुलीलाही ठाऊक असते. मग स्ट्रॉबेरी आणि द्राक्षे घरी येताच धुऊन का ठेवतो? स्वच्छतेची सवय चांगलीच आहे. पण या दोन फळांच्या बाबतीत तिची वेळ चुकते, आणि कष्टाच्या पैशाचे फळ कचऱ्यात जाते, असे माझे मत आहे.

आमच्याच घरातले सांगते. गेल्या हिवाळ्यात शनिवारी संध्याकाळी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा एक छोटा बॉक्स आणला. मुलांना सोमवारी डब्यात देता येईल म्हणून लगेच धुतली, हिरवे देठ काढले आणि घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवली. सोमवारी सकाळी डबा उघडला, तर वरच्या दोन फळांवर राखेसारखी केसाळ बुरशी आली होती. खालची मऊ पडून पाण्यात बसली होती. निम्म्याहून जास्त फेकावी लागली.

चुका तीन झाल्या होत्या. पहिली चूक पाण्याची. ही करडी बुरशी बहुधा शेतातूनच फळाबरोबर येते. तिचे बीज डोळ्यांना दिसत नाही आणि नुसत्या धुण्याने सगळे जातही नाही. ते फळावर पडून असते, ओल मिळाली की रुजते. स्ट्रॉबेरीची साल अगदी पातळ असते आणि बियांच्या खळग्यांत पाणी साचून राहते. म्हणजे धुऊन आपण बुरशी काढत नाही, तिला पाणी घालतो. दुसरी चूक देठाची. देठ उपटला की तिथे जखम होते, रस बाहेर येतो आणि बुरशीला वाट मिळते. तिसरी चूक घट्ट झाकणाची. फळाचा स्वतःचा ओलावा आत कोंडतो आणि झाकणाला घाम धरतो.

फ्रिज असला तरी ही बुरशी मरत नाही. थंडीत ती फक्त हळू वाढते.

म्हणून घरी आल्यावर आधी बॉक्स उलटा करून तळ पाहा. तळाशी लाल रस दिसला तर खालचे फळ फुटले आहे. फुटलेले, नरम फळ बाजूला काढून त्याच दिवशी संपवा. बुरशी आलेले पूर्ण फेका. तेवढा भाग कापून उरलेले खाऊ नका, कारण मऊ फळात बुरशीचे धागे आतपर्यंत गेलेले असतात. त्याला चिकटलेली फळेही नीट तपासा. चांगली स्ट्रॉबेरी देठासकट, ताटात कोरडे सुती फडके अंथरून एका थरात ठेवा. फ्रिजमध्ये ती दोन-तीन दिवस टिकते. फ्रिज नसेल तर त्याच दिवशी संपेल एवढीच आणा.

द्राक्षे त्या मानाने टिकाऊ असतात, पण घडाला असेपर्यंतच. घेताना घडाची काडी पाहा. हिरवी असेल तर माल ताजा, वाळून तपकिरी झाली असेल तर जुना. गाडीवर स्वस्तात मिळणारे सुटे मणी त्याच दिवशी खाऊन संपवावेत, कारण काडीपासून तुटल्या जागी ते उघडे पडलेले असतात. घरी आल्यावर फुटके मणी कात्रीने काढा आणि घड भोके असलेल्या पिशवीत फ्रिजमध्ये ठेवा. आठवडाभर सहज राहतात. फ्रिज नसेल तर चाळणीत पसरून वाऱ्याच्या, सावलीच्या जागी ठेवा आणि एक-दोन दिवसांत संपवा. गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत मात्र ठेवू नका.

द्राक्षावरची पांढरट लव पाहून काही जण घाबरतात आणि औषध समजून लगेच घासून धुतात. ती बहुतेक वेळा फळाचे स्वतःचे मेण असते, आणि तेच आतला ओलावा धरून ठेवते. ती लव सारखी पसरलेली असते, बोटाने पुसली जाते. बुरशी मात्र ठिपक्याने, केसाळ येते, बऱ्याचदा काडीजवळ सुरू होते आणि कुबट वास मारते. बोट लावताच मण्याची साल सुटून सरकली, तर तो मणी आतून गेला समजा.

कोणी विचारेल, "फवारणी केलेली फळे न धुता घरात कशी ठेवायची?" प्रश्न रास्त आहे. म्हणूनच न धुता एकही मणी तोंडात घालू नये. पण धुण्याचा उपयोग खाण्याआधी पाच मिनिटे धुतले तरी तेवढाच होतो. लागतील तेवढीच फळे काढा आणि नळाच्या धारेखाली हाताने चोळून धुवा. नळाला पाणी नसेल तर पिण्याच्या पाण्याने पातेल्यात दोनदा पाणी बदलून धुवा. साबण लावू नका. स्ट्रॉबेरीचे देठ धुतल्यानंतर काढा, म्हणजे मळके पाणी आत जाणार नाही.

घरातल्या मोठ्यांना हे पटवणे सोपे नाही, कारण त्यांना वाटते आपण आळस करतोय. त्यांना तांदळाच्या डब्याची आठवण करून द्या. धुणे टाळायचे नाही, फक्त ताटात वाढण्याच्या वेळेवर आणायचे आहे.