लखलखाट आणि पुसट अक्षरे

16 डिसेंबर 1997 रोजी सायंकाळी जपानमधील लक्षावधी मुले 'पोकेमॉन' या चित्रमालिकेचा एक भाग पाहत बसली होती. त्यातील एका स्फोटाच्या दृश्यात तांबडा आणि निळा रंग सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून पडद्यावर चमकला. दृश्य अवघ्या काही सेकंदांचे होते. परंतु त्या रात्री सुमारे 685 जणांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांत मुलांचाच भरणा होता. काहींना झटके आले, काहींना मळमळ आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. यांपैकी अनेकांना तोवर अपस्माराचा कसलाही त्रास झालेला नव्हता. मालिकेचे प्रसारण त्यानंतर चार महिने बंद राहिले. चित्र सदोष नव्हते, यंत्रेही बिघडलेली नव्हती. चूक एवढीच की, तयार झालेला भाग या दृष्टीने कोणी तपासलाच नव्हता.

ही घटना आज आठवण्याचे कारण असे की, चित्रफीत तयार करणे हे आता केवळ दूरचित्रवाणी केंद्रांचे काम राहिलेले नाही. शाळेचे स्नेहसंमेलन असो वा कार्यालयातील निरोपसमारंभ, त्याची चित्रफीत दुसऱ्या दिवशी शेकडो भ्रमणध्वनींवर पोहोचते. दूरचित्रवाणीसाठी ब्रिटनमध्ये 1990 च्या दशकापासून नियम आहेत आणि 'हार्डिंग चाचणी' उत्तीर्ण झाल्याशिवाय तेथील वाहिन्या जाहिरात स्वीकारीत नाहीत. शाळा-महाविद्यालयांतून निघणाऱ्या चित्रफितींना मात्र असा कोणताही पहारेकरी नाही. तेव्हा हे काम ज्याने चित्रफीत जुळवली, त्यानेच केले पाहिजे.

नियम समजण्यास कठीण नाही. पडदा अंधारातून उजेडात आणि उजेडातून पुन्हा अंधारात गेला की एक लखलखाट झाला असे मानतात. कोणत्याही एका सेकंदात असे तीनहून अधिक लखलखाट असू नयेत. चमकणारा भाग पडद्याच्या चौथ्या हिश्श्याहून लहान असेल, तर धोका पुष्कळ कमी होतो. गडद तांबड्या रंगाला मात्र वेगळा आणि अधिक कडक नियम लावतात. कारण त्याची उघडझाप मेंदूला विशेष चाळवते. जपानमधील त्या दृश्यात उजेडाच्या फरकापेक्षा या तांबड्या रंगाचाच वाटा मोठा होता, असे पुढील अभ्यासात दिसून आले.

एक उदाहरण घ्यावे. समजा, एका शाळेच्या स्नेहसंमेलनाची चार मिनिटांची चित्रफीत आहे आणि तिच्यात सेकंदाला 25 फ्रेम आहेत. समूहनृत्यात रंगमंचावरचे दिवे पाच फ्रेम उजळ आणि पाच फ्रेम मंद, असे उघडझाप करीत आहेत. म्हणजे दर दहा फ्रेमना एक लखलखाट, सेकंदाला अडीच. हे मर्यादेत बसते. परंतु जुळवणी करणाऱ्याने गाण्याच्या ठेक्याशी मेळ घालण्यासाठी तो तुकडा दुप्पट वेगाने पळवला. आता दर पाच फ्रेमना एक लखलखाट पडू लागला, म्हणजे सेकंदाला पाच! मूळ चित्रण निर्दोष होते, तयार चित्रफीत सदोष झाली. तपासणी तुकड्यांची न करता अखेरच्या, वाटायला निघालेल्या चित्रफितीचीच का करावी, याचे उत्तर येथे मिळते. दृश्ये जोडताना मध्ये घातलेली पांढरी झळक आणि काळोख्या व लख्ख दृश्यांची झरझर अदलाबदल हीदेखील लखलखाटातच मोजली जाते.

ही मोजणी घरबसल्या करता येते. व्हीएलसी या विनामूल्य प्रोग्रॅममध्ये चित्रफीत थांबवून E ही कळ दाबली की एकेक फ्रेम पुढे सरकते. संशयास्पद ठिकाणी एका लखलखाटापासून दुसऱ्यापर्यंतच्या फ्रेम मोजाव्यात. 25 फ्रेमच्या चित्रफितीत हे अंतर नऊ किंवा अधिक असेल, तर हरकत नाही. आठ असेल, तर मर्यादा किंचित ओलांडली जाते. मोजताना घड्याळाचा सेकंद धरू नये. एका सेकंदाच्या शेवटी दोन आणि लगेच पुढच्याच्या आरंभी दोन लखलखाट आले, तर डोळ्यांच्या दृष्टीने ते चार झाले. दोष आढळल्यास वेग पूर्ववत करावा, किंवा त्या तुकड्यातील उजेड-अंधारातला फरक कमी करावा. तेवढ्याने नृत्याची रंगत जात नाही.

दुसरा प्रश्न अक्षरांचा. त्याच चित्रफितीत विद्यार्थ्यांची नावे पांढऱ्या अक्षरांत, मागच्या झेंडूच्या रंगाच्या पडद्यावर उमटली आहेत. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण मोजण्याची एक सर्वमान्य रीत आहे. काळ्यावर पांढरे असेल, तर हे प्रमाण 21 येते. दोन्ही रंग सारखेच असतील, तर 1. सामान्य आकाराच्या अक्षरांसाठी ते किमान 4.5 असावे. झेंडूच्या #FFA500 या रंगावर पांढरे अक्षर ठेवले, तर प्रमाण जेमतेम 2 भरते. ज्याची दृष्टी अधू आहे किंवा जो उन्हात उभा राहून पाहतो आहे, त्याला ती नावे दिसणारच नाहीत. त्याच पडद्यावर काळी अक्षरे घेतली, तर हेच प्रमाण साडेदहाच्या वर जाते.

पुष्कळ जण यावर उपाय म्हणून अक्षरांखाली अर्धपारदर्शक काळी पट्टी घालतात. झेंडूच्या पडद्यावर तिने प्रमाण 6.7 होते आणि काम भागल्यासारखे वाटते. पण चित्र हलते आहे. पुढच्या क्षणी त्याच पट्टीमागे पांढऱ्या गणवेशातली मुले आली की प्रमाण 4 वर घसरते आणि अक्षरे पुन्हा विरू लागतात. म्हणून तपासणी सर्वांत उजळ पार्श्वभूमी असलेल्या फ्रेमवर करावी. पट्टीचा गडदपणा पन्नासवरून साठ टक्के केला, तर त्या पांढऱ्या गणवेशावरही प्रमाण 5.7 येते.

'आरंभी धोक्याची सूचना दिली की झाले', असे कोणी म्हणेल. हा युक्तिवाद टिकणारा नाही. अपस्माराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांनाच लखलखाटाचा त्रास होतो, हे खरे. पण ही संवेदनशीलता मुख्यतः शालेय आणि तरुण वयात प्रकट होते आणि ती आपल्यात आहे, हे पुष्कळांना पहिला झटका येईपर्यंत ठाऊकच नसते. ज्याला स्वतःचा धोका माहीत नाही, त्याला सूचनेचा उपयोग काय? शिवाय सभागृहात दोनशे मुलांसमोर चित्रफीत सुरू असताना उठून जाणार कोण?

तपासणीलाही मर्यादा आहेत. नियमांत बसलेली चित्रफीत कोणालाच बाधणार नाही, अशी हमी कोणी देऊ शकत नाही. अंधाऱ्या खोलीत पडद्याला खेटून बसल्यास धोका वाढतोच. परंतु जे टाळता येण्यासारखे आहे, ते टाळण्यास अर्धा तास पुरतो. शाळांनी स्नेहसंमेलनाची चित्रफीत पालकांकडे धाडण्यापूर्वी ही दोन मोजमापे एका जबाबदार शिक्षकाकडे सोपवावीत आणि त्याची मान्यता मिळाल्यावाचून ती बाहेर जाऊ देऊ नये.